वाफ हलते, काका हलत नाहीत

सिनेमाग्राफ पाहिलेला नाही असा मोबाइलधारक आता सापडणं कठीण आहे, फक्त त्याचं नाव अनेकांना ठाऊक नसतं. कॉफीच्या जाहिरातीत कप, टेबल, खिडकी आणि खिडकीशी बसलेली बाई असं सगळं फोटोसारखं स्थिर असतं, आणि कपावरची वाफ तेवढी संथपणे वर चढत राहते. ती थांबत नाही, संपतही नाही. आपण बघतोय तो फोटो की व्हिडिओ, असा प्रश्न पडेपर्यंत तीन-चार सेकंद निघून गेलेले असतात. तेवढा वेळ नजर खिळवून ठेवायची, हेच जाहिरातवाल्यांना हवं असतं.

हा प्रकार नावारूपाला आला २०११ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये. जेमी बेक ही छायाचित्रकार आणि केविन बर्ग हा डिझायनर, या दोघांनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीतल्या फॅशन वीकच्या सुमाराला अशी चित्रं इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली आणि त्यांना हे नावही दिलं. तोवर हलती ‘जिफ’ चित्रं म्हणजे मांजरांच्या उड्या आणि सिनेमातले विनोदी तुकडे, एवढीच त्यांची पत होती. बेक आणि बर्ग यांनी फाइलचा प्रकार तोच ठेवला, पण त्यात फॅशनच्या फोटोची काळजीपूर्वक प्रकाशयोजना आणली. चित्रातली मॉडेल पुतळ्यासारखी उभी आणि तिच्या केसांची एखादीच बट वाऱ्यावर हलणारी. पुढे वर्ष-दोन वर्षांत यासाठी मोबाइलवरची ॲप निघाली, मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीही ‘क्लिपलेट्स’ नावाचा प्रोग्राम काढला.

आज अनेक ॲप एकाच फोटोवरून ढग सरकवून दाखवतात, पाणी वाहतं करतात. तो प्रकार वेगळा. तिथे फोटोतलेच ठिपके ताणून ढकललेले असतात, म्हणून पाणी रबरासारखं दिसतं. सिनेमाग्राफमध्ये हलणारी गोष्ट खरोखर हललेली असते, कारण मुळात तो व्हिडिओच असतो. त्याचा बहुतेक भाग आपण गोठवलेला असतो, इतकंच.

हे करायची कल्पना सोपी आहे. तिपाईवर कॅमेरा ठेवून व्हिडिओ घ्यायचा. त्यातली एक फ्रेम निवडून तिचा फोटो करायचा आणि तो व्हिडिओच्या वर तंतोतंत बसवायचा. मग जिथे हालचाल हवी तिथे त्या फोटोला भोक पाडायचं, म्हणजे खालचा व्हिडिओ तेवढ्या भागातून दिसेल. शेवटी व्हिडिओच्या तुकड्याचं टोक त्याच्या सुरुवातीला असं जुळवायचं की तो पुन्हापुन्हा चालला तरी धक्का कळू नये. म्हणजे सांधे दोन: एक जागेतला, जिथे स्थिर भाग हलत्या भागाला भिडतो, आणि दुसरा वेळेतला, जिथे शेवट सुरुवातीला भिडतो. फसलेला सिनेमाग्राफ या दोनपैकी एका सांध्यावर फसलेला असतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा संगणकावर नाही तर शूटिंगमध्ये सापडतं.

एक उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू. गेल्या हिवाळ्यात घरच्या जेवणाच्या टेबलावर मी एक सिनेमाग्राफ केला. विषय अगदी साधा: शेजारचे काका पेपर वाचताहेत, पुढ्यात चहाचा काचेचा ग्लास आणि त्यावर वाफ. हलणार फक्त वाफ.

वाफ दिसण्यासाठी दोन गोष्टी लागतात, मागून किंवा बाजूने येणारा प्रकाश आणि तिच्यामागे गडद काहीतरी. पांढऱ्या भिंतीपुढे ठेवलेल्या उकळत्या चहाचीही वाफ कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून टेबल असं सरकवलं की खिडकी ग्लासच्या मागे डाव्या अंगाला आली आणि वाफेच्या बरोबर मागे सागवानी कपाट आलं. सकाळची वेळ निवडली, कारण हवा गार असेल तर वाफ दाट दिसते. खिडकी उजेडापुरती उघडी आणि तावदानं बंद, दार बंद, पंखा बंद. पंख्याचं कारण फक्त वाफ नव्हे. पेपरचा कोपरा फडफडला आणि वाफ त्या कोपऱ्यासमोरून गेली, तर तो भाग गोठवताही येत नाही आणि हलता ठेवताही येत नाही. म्हणून काकांनी पेपर ग्लासपासून हातभर लांब धरला.

“काका, हात तेवढे टेबलावर टेकवून ठेवा.”

“श्वास घ्यायला परवानगी आहे ना?” काकांनी पेपरमागून विचारलं.

श्वास घ्यायला हरकत नव्हती, कारण काका गोठवले जाणार होते. माणूस पूर्ण निश्चल बसला पाहिजे हा समज चुकीचा आहे. तो हलला तरी चालतं, फक्त हलत्या भागाच्या हद्दीत त्याचं काही येता कामा नये. वाफेच्या पट्ट्यात बाही आली असती, तर श्वासाबरोबर बाहीची कड वरखाली झाली असती, आणि अर्धी बाही जिवंत, अर्धी मेलेली असं विचित्र दृश्य दिसलं असतं.

कॅमेरा म्हणून मोबाइल चालतो, पण त्याची हुशारी बंद करावी लागते. मोबाइल सतत प्रकाशाचा अंदाज घेऊन चित्र कमी-जास्त उजळ करत असतो, फोकस शोधत असतो, पांढऱ्या रंगाची छटा बदलत असतो. एरवी हे कळतही नाही. सिनेमाग्राफमध्ये मात्र स्थिर फोटोची उजळता एकच राहते आणि भोकातून दिसणारा व्हिडिओ किंचित उजळतो, किंचित मावळतो. वाफेभोवती एक चौकोनी डाग श्वास घेतोय असं वाटायला लागतं. म्हणून प्रकाश, फोकस आणि रंगछटा तिन्ही कुलूपबंद करायच्या. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की निदान प्रकाश आणि फोकस लॉक होतो, ‘प्रो’ व्हिडिओ मोड असेल तर सगळंच हाताने ठरवता येतं. खिडकीबाहेर ढगांची ये-जा चालू असेल तर मात्र कुठलंही कुलूप उपयोगाचं नाही. ढग सरून जाईस्तोवर थांबायचं.

चित्र स्थिर ठेवणारी फोनची सोयही बंद करावी. ऐकायला उलटं वाटेल, पण फोन तिपाईवर असताना ही सोय नसलेला हादरा शोधत चित्र एखाद-दुसऱ्या ठिपक्याने सरकवत राहते. वर ठेवलेला फोटो एका जागी आणि खालचा व्हिडिओ केसभर सरकलेला, असं झालं की ग्लासची कड तुटलेली दिसते. याच कारणासाठी स्थिर चित्र म्हणून फोनच्या कॅमेऱ्याने वेगळा फोटो काढून घेऊ नये. फोटो मोडमध्ये चित्राची चौकट, तीक्ष्णता, रंग सगळंच व्हिडिओपेक्षा वेगळं येतं आणि दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत. स्थिर फ्रेम त्याच व्हिडिओतून काढायची. तिची स्पष्टता कमी पडू नये म्हणून व्हिडिओ ४के आकारात घ्यायचा, मग अंतिम चित्र त्याच्या निम्म्या आकाराचं केलं की ते खणखणीत दिसतं.

खोलीत दिवे चालू असतील तर आणखी एक भानगड असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साध्या ट्यूबलाइटचा किंवा स्वस्त एलईडीचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवलं की प्रत्येक फ्रेमला उजेडाचे पूर्ण हेलकावे मिळतात आणि लुकलुक दिसत नाही. शटर एक साठांशवर राहिलं तर चित्रातून फिकट पट्टे सरकतात. आख्ख्या व्हिडिओत ते कदाचित नजरेआड होतील, पण सगळं चित्र स्थिर असताना फक्त भोकात पट्टे सरकू लागले तर ते लपत नाहीत. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर एक पन्नासांश, हा हिशेब आपल्याकडे सोयीचा. मी दिवे बंदच ठेवले होते, तरी सवयीने आकडे हेच लावले.

कॅमेऱ्याची उंची किती ठेवायची, याचा विचार चहामुळे करावा लागला. वरून पाहिलं तर ग्लासातला चहा दिसतो आणि त्यावरचा फेस. फेसाचे बुडबुडे एकेक करून फुटत असतात. पाच सेकंदांपूर्वी होता तो बुडबुडा आता नसतो, आणि फुटलेला बुडबुडा परत आणणारी कुठलीही जोडणी नाही. म्हणून फोन इतका खाली आणला की ग्लासची कड एका रेषेसारखी दिसू लागली आणि फेस तिच्याआड गेला. हलणारी गोष्ट एकच ठेवायची असेल तर बाकीच्या हलणाऱ्या गोष्टी शूटिंगमध्येच दृष्टीआड कराव्या लागतात.

रेकॉर्डिंग ४० सेकंदांचं केलं. बटण दाबताना फोन हलतोच, म्हणून सुरुवातीचे काही सेकंद मोजायचेच नाहीत. उरलेल्यातून कामाचे असतात पाच सेकंद, पण ते कोणते हे आधी सांगता येत नाही. त्यासाठी एवढा माल हाताशी हवा.

आता संगणक. फोटोशॉपची टाइमलाइन असो की व्हिडिओ जुळवणीचा कुठला मोफत प्रोग्राम, लेअर आणि मास्क या दोन सोयी असल्या की काम होतं. आधी स्थिर फ्रेम निवडायची. इथे वाफेकडे पाहायचंच नाही, ती नंतर झाकलेली नसेल. काकांकडे पाहायचं. डोळे उघडे, नजर पेपरवर, चेहऱ्यावर वाचणाऱ्या माणसाचे भाव, आणि हालचालीने आलेला धूसरपणा कुठेही नाही. २२व्या सेकंदाला काकांनी एका बातमीवर भुवई किंचित उचलली होती, ती फ्रेम घेतली. वाफेचा तुकडा त्याच सेकंदाचा असण्याची गरज नाही. दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमधले असले आणि मधे कॅमेरा किंवा उजेड हलला नसला की पुरे.

ही फ्रेम व्हिडिओच्या वरच्या लेअरवर ठेवली. आता भोक नेमकं कुठे पाडायचं? बहुतेक जण अंदाजाने वाफेभोवती ब्रश फिरवतात आणि तिथेच पहिला सांधा उसवतो. वाफ एका फ्रेममध्ये जिथे दिसते तेवढीच तिची हद्द नसते. पाच सेकंदांत ती डावीकडे झुकते, वर जाऊन पसरते. मास्कची कड त्या आतून गेली तर वाफ हवेतच कापल्यासारखी दिसते, जणू अदृश्य काचेला अडली.

हद्द शोधायची एक खात्रीची युक्ती आहे. वरच्या स्थिर लेअरचा ब्लेंड मोड तात्पुरता ‘डिफरन्स’ करायचा. आता पडद्यावर दोन चित्रांमधला फक्त फरक दिसतो: जिथे काहीच बदल नाही तिथे काळं, जिथे बदल आहे तिथे उजळ. टाइमलाइन पुढे-मागे सरकवली की वाफ कुठपर्यंत पोचते ते काळ्यावर उजळपणे दिसतं. काकांचे खांदेही श्वासाबरोबर चमकताना दिसतात. आणि एरवी लक्षातही आली नसती अशी एक गोष्ट मला इथे दिसली: ग्लासच्या उजवीकडे टेबलाच्या सनमायकावर एक फिकट उजळ ठिपका हलत होता. ते वाफेचं प्रतिबिंब होतं.

ते प्रतिबिंब गोठवलं असतं तर चित्र खोटं वाटलं असतं, आणि का खोटं वाटतंय हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. हलणाऱ्या गोष्टीची सावली आणि तिचं प्रतिबिंब तिच्याबरोबर हललंच पाहिजे. पडदा हलतोय आणि जमिनीवरची त्याची सावली जागच्या जागी, असे सिनेमाग्राफ जाहिरातींतही दिसतात. मी मास्कला दुसरं छोटं भोक पाडून टेबलावरचा तो तुकडाही मोकळा केला.

मास्कची कड कुठून न्यायची याचा नियम एकच: जी जागा सगळ्या फ्रेममध्ये काळीच राहते, तिथून. माझ्या चित्रात वाफेभोवती कपाटाचं गडद लाकूड होतं आणि ते हलत नव्हतं, म्हणून कड लाकडावरून नेली. ब्रश मऊ ठेवला, १०८० ठिपके रुंदीच्या चित्रावर साधारण ३० ठिपक्यांत मावळणारा. खाली ग्लास होता. त्याची कड चुकवत बारीक कोरकाम करत बसायची गरज नव्हती. ग्लास स्थिर असल्यामुळे फोटोतला ग्लास आणि व्हिडिओतला ग्लास सारखाच असतो, भोक त्याच्यावरून गेलं तरी कळत नाही. हे एकदा उमगलं की मास्क करणं पाच मिनिटांचं काम होतं. उलट हलती गोष्ट एखाद्या हलत्याच गोष्टीला चिकटलेली असेल, म्हणजे हलते केस आणि श्वास घेणारा खांदा, तर कड न्यायला काळी जागाच मिळत नाही. तिथे कितीही कोरीव मास्क केला तरी तो फसतो.

आता वेळेतला सांधा. इथे तीन रस्ते आहेत, आणि कुठला घ्यायचा ते हलणारी गोष्ट ठरवते.

काही हालचाली मुळातच फिरून त्याच जागी येतात, उदाहरणार्थ घड्याळाचा लंबक. लंबक एका टोकाला असताना कापायचं आणि तो पुन्हा त्याच टोकाला आला की थांबायचं. मीटरभर लांबीच्या लंबकाला एका पूर्ण फेरीला सुमारे दोन सेकंद लागतात, म्हणजे जेमतेम ५० फ्रेम. यात काही जोडावं लागत नाही. झोपाळा मात्र फसवतो, कारण त्याचा झोका दर फेरीला थोडा कमी होतो आणि दोन टोकं जुळत नाहीत.

दुसरा रस्ता म्हणजे तुकडा पुढे चालवायचा, मग तोच उलटा चालवायचा. अनेक ॲप न विचारता हेच करतात. झुळकीने हलणाऱ्या पडद्याला हे चालतं, कारण पडदा पुढे जाणं आणि मागे येणं यांत डोळ्याला फरक वाटत नाही. वाफेला मात्र हे घातक. वर गेलेली वाफ पुन्हा ग्लासात शिरताना दिसते आणि प्रेक्षक हसतात. वाहतं पाणी, धूर, पाऊस, ओतला जाणारा चहा, जिथे जिथे खाली-वर अशी ठरलेली दिशा आहे तिथे हा रस्ता बंद समजावा.

उरतो तिसरा, क्रॉसफेड: शेवट विरत असतानाच त्यात सुरुवात मिसळत न्यायची. ही गोष्ट सोपी वाटते आणि हमखास चुकवली जाते, म्हणून आकडे घेऊन सांगतो. मी पाच सेकंदांचा तुकडा निवडला, १४ ते १९. सेकंदाला २५, म्हणजे १२५ फ्रेम. लोक करतात काय, तर शेवटच्या २५ फ्रेममध्ये पहिल्या २५ मिसळतात आणि तुकडा पुन्हा पहिल्या फ्रेमपासून चालू करतात. मग धक्का बसतो, कारण मिसळून मिसळून आपण पंचविसाव्या फ्रेमवर पोचलेलो असतो आणि तिथून एकदम पहिलीवर उडी पडते. बरोबर रीत अशी: पहिल्या २५ फ्रेम कापून बाजूला ठेवायच्या. तुकडा चालू करायचा २६व्या फ्रेमपासून. १०१ ते १२५ या शेवटच्या फ्रेमवर ती कापलेली २५ हळूहळू चढवायची, इतकी की १२५व्या जागी फक्त पंचविसावी फ्रेम दिसेल. तुकडा संपतो पंचविसाव्यावर आणि पुन्हा सुरू होतो सव्विसाव्यापासून. पाच सेकंदांतून चार सेकंद हाती येतात, म्हणजे बरोबर १०० फ्रेम, आणि त्यांना टोकच उरत नाही.

क्रॉसफेडची मर्यादाही आहे. मिसळणीच्या मध्यावर दोन वेगवेगळ्या वाफा अर्ध्याअर्ध्या दिसत असतात. दोन्ही सारख्या दाट असल्या तरी मिश्रणात वाफेच्या वळ्या पुसट होतात. दर चार सेकंदांनी वाफ क्षणभर मलूल झाल्यासारखी वाटते, आणि एकदा ते लक्षात आलं की मग दुसरं काही दिसत नाही. उपाय मिसळणीत नाही, निवडीत आहे. चाळीस सेकंदांत असे दोन क्षण शोधायचे, चार सेकंदांच्या अंतरावरचे, जिथे वाफ एकाच बाजूला झुकलेली आणि सारखीच दाट आहे. १४व्या आणि १८व्या सेकंदाला वाफ खिडकीच्या बाजूला कललेली होती, म्हणून तो तुकडा. घन वस्तूला मात्र क्रॉसफेड कधीच लावू नये. डोलणारी फांदी मिसळायला गेलात तर मध्येच दोन फांद्या दिसतील, दोन्ही भुतासारख्या पारदर्शक.

असे जुळणारे क्षण संगणकाकडून शोधून घेण्याची कल्पना सिनेमाग्राफपेक्षा जुनी आहे. श्योडल, झेलिस्की, सेलसिन आणि एसा या चौघांनी २००० मध्ये ‘व्हिडिओ टेक्स्चर्स’ नावाचा शोधनिबंध मांडला. त्यात प्रत्येक फ्रेमची बाकी प्रत्येक फ्रेमशी तुलना करून, कुठून कुठे उडी मारली तर ती कळणार नाही, हे ठरवलं होतं. मेणबत्तीची ज्योत त्यांनी अशी न संपणारी करून दाखवली. हाताने काम करताना आपणही तेच करतो, फक्त डोळ्यांनी आणि हळू.

तयार झालेला तुकडा तपासताना हलत्या भागाकडे टक लावून बसू नका. चित्र सलग चालू ठेवून काकांच्या चेहऱ्याकडे, मग पेपरच्या कोपऱ्याकडे बघा. डोळ्याच्या कडेला धक्का आणि लुकलुक चटकन जाणवतात. शिवाय बघणारा माणूसही आधी चेहराच बघतो. मोबाइलवर उजेड पूर्ण वाढवूनही एकदा पाहावं, कारण गडद लाकडावरची मास्कची कड मंद पडद्यावर दिसत नाही आणि प्रखर पडद्यावर उघडी पडते.

आणखी एक बारीक गोष्ट उरते. व्हिडिओत प्रत्येक फ्रेमला थोडा दाणेदारपणा असतो आणि तो सतत बदलत असतो. गोठवलेल्या भागात तोही गोठतो. मग भोकातलं लाकूड सळसळतं आणि बाहेरचं मृतवत दिसतं. उजेड भरपूर असेल तर दाणे मुळातच कमी येतात, म्हणून संध्याकाळच्या मंद उजेडातले सिनेमाग्राफ कठीण जातात. कमी उजेडात घ्यावाच लागला, तर शेवटी आख्ख्या चित्रावर सारखाच बारीक हलता दाणा चढवतात. त्याने कड झाकली जाते. पण त्यासाठी चित्राची स्वच्छता द्यावी लागते, आणि मला तो सौदा पटत नाही.

मग फाइल कुठल्या प्रकारात काढायची? सवयीने हात ‘जिफ’कडे जातो. जिफ १९८७ मधला प्रकार, एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग. फॅशनच्या फोटोतल्या सपाट पार्श्वभूमीवर ते खपून जातं. वाफेच्या करड्या छटा मात्र एकीतून दुसरीत इतक्या हळू जातात की २५६ रंगांत त्यांचे पट्टे पडतात किंवा ठिपके ठिपके होतात. जिफमध्ये फ्रेमचा वेळही सेकंदाच्या शंभराव्या भागांतच मोजता येतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर प्रत्येकीला चार भाग, हिशेब चोख बसतो. ३० असतील तर बसत नाही आणि वेग किंचित चुकतो. माझं मत विचाराल तर वाफ, धूर, पाणी यांच्यासाठी एमपी४ हाच प्रकार, फाइल लहान आणि छटा शाबूत.

एमपी४ची अडचण एकच. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की चार सेकंद चालून तो थांबतो, आणि थांबलेला सिनेमाग्राफ म्हणजे नुसता फोटो. म्हणून तोच तुकडा मागोमाग जोडून लांब करावा लागतो. एफएफएमपेग हा मोफत प्रोग्राम संगणकावर असेल तर एक ओळ पुरते:

```
ffmpeg -stream_loop 9 -i vaaf.mp4 -c copy vaaf-lamb.mp4
```

मूळ एक आणि पुनरावृत्ती नऊ, असे दहा फेरे होतात आणि ४० सेकंदांची फाइल मिळते. चित्र पुन्हा दाबलं जात नाही, त्यामुळे दर्जा जसाच्या तसा राहतो.

करून पाहणार असाल तर पहिल्या खेपेला माणसाचे केस, पदर किंवा झाडाची फांदी घेऊ नका. गडद कपाट, बाजूची खिडकी आणि नुकताच ओतलेला चहा एवढ्यावर सुरुवात करा. ती जमली की नळाची धार घ्या. पाळी केसांची आली की ज्यांचे केस त्यांना खांदे भिंतीला टेकवून बसायला सांगा, म्हणजे मास्कची कड न्यायला स्थिर जागा मिळेल.